वकिलांच्या प्रोफाइल फोटोत गाऊन कोटात मिसळतोय, बँड चिकटवल्यासारखा दिसतोय: लेअर कसे लावावेत?

परभणी_डिजिटल
एका वकीलसाहेबांच्या प्रोफाइल फोटोचं काम चालू आहे. फोटो स्टुडिओतला, 2400×3000 पिक्सेल, पांढरा कॉलरचा शर्ट आणि काळा कोट. अंग थोडं वळलेलं आहे, उजेड फोटोत डावीकडून येतो. गाऊन आणि गळ्याचा पांढरा बँड त्यांनी फोटोच्या वेळी घातले नव्हते, ते आता फोटोशॉपमध्ये बसवायचेत. गाऊनची वेगळी पीएनजी आहे, बँडचीही वेगळी आहे.

दोन अडचणी आहेत. गाऊन कोटावर ठेवला की दोन्ही मिळून एकच काळा ठोकळा दिसायलंय, कोट कुठं संपला आणि गाऊन कुठं सुरू झाला कळंना. आणि बँड कसाही ठेवला तरी कागद कापून चिकटवल्यासारखा वाटायलंय. लेअर खालून वर असे आहेत: फोटो, गाऊन, बँड. काय चुकतंय?

बीड_भैय्या
सोपं आहे भाऊ. बँडच्या लेअरवर डबल क्लिक करून Drop Shadow द्या, Distance 8, Size 15, Opacity 60. गाऊनलाही तीच सावली द्या म्हणजे कोटापासून सुटा दिसेल. बँड एकदम पांढरा शुभ्र करा, 255, आणि गाऊन काळा कुळकुळीत. मग बघा कसा उठून दिसतो.

जालना_नवा_मोंढा
बँड कडक बसत नसेल तर मैद्याची खळ थोडी पातळ करून लावा आणि ओलसर असतानाच इस्त्री मारा. टोकं वळत नाहीत. मागची नाडी कॉलरच्या आतून घ्यायची, बाहेरून नाही.

परभणी_डिजिटल
@जालना_नवा_मोंढा दादा, बँड अंगावर नाहीच, कॉम्प्युटरवर लावायचाय 🙂 पण नाडी कॉलरच्या आतून जाते, हे कामाचं आहे.

मोंढा_लेअर (लातूर)
दादांनी नकळत निम्मं उत्तर दिलंय. परभणीकर, तुमचे लेअर तीनच आहेत, अडचण तिथून सुरू होते. बँड शर्टाच्या सगळ्यात वर नसतो. त्याची पट्टी कॉलरच्या आत असते, कॉलरची दोन्ही पानं त्या पट्टीवर पडतात आणि फक्त खालच्या दोन जिभा बाहेर लोंबतात. गाऊनही नुसता पुढून नसतो. त्याचा मागचा काठ मानेच्या मागे असतो, तो मानेच्या दोन्ही बाजूंना जरासा डोकावतो. तुम्ही अख्खा गाऊन फोटोच्या वर ठेवला, म्हणजे तो मागचा काठ तरी मानेवर आला असेल, नाहीतर तुम्ही तो खोडून टाकला असेल. खोडला असेल तर गाऊन खांद्यावर घातलेला न वाटता छातीवर टाचलेला वाटणार.

खालून वर असं लावा. सगळ्यात खाली पार्श्वभूमी. तिच्यावर गाऊनचा मागचा भाग. त्यावर कापून घेतलेली व्यक्ती, म्हणजे चेहरा, मान, शर्ट आणि कोट एकत्र. त्यावर बँडची सावली, त्यावर बँड, त्यावर कॉलरची दोन पानं, आणि सगळ्यात वर गाऊनचा पुढचा भाग.

कॉलरची पानं नवीन आणायची नाहीत, तुमच्याच फोटोत आहेत. पेन टूलने दोन्ही पानांची कड धरा, सिलेक्शनला 0.5 पिक्सेल फेदर द्या, व्यक्तीचा लेअर निवडून Ctrl+J करा आणि नवा लेअर बँडच्या वर ओढा. कॉलरची टोकं बँडच्या वर आली की निम्मा चिकटवलेपणा तिथंच जातो. मूळ फोटोत गळ्याचं बटण उघडं असेल तर आधी गळा बंद करून घ्या. उघड्या गळ्यावर बँड कितीही चांगला बसवला तरी तो लटकवलेलाच दिसतो.

आता एक विचारतो. बँडची उंची किती पिक्सेल ठेवलीये, आणि हनुवटीपासून टाळूपर्यंत किती आहे?

परभणी_डिजिटल
बँड 640. हनुवटी ते टाळू 820. केस धरून थोडं जास्त भरेल.

मोंढा_लेअर (लातूर)
मग बँड मोठा झालाय, लहान मुलांच्या लाळेऱ्यासारखा दिसत असणार. हिशेब असा करा. मोठ्या माणसाचं डोकं हनुवटी ते टाळू साधारण 9 इंच धरायचं. तुमच्याकडे 820 पिक्सेल म्हणजे इंचाला 91. बाजारातला बँड साडेपाच इंचांच्या आसपास असतो, त्याचे झाले 500. त्यातला वरचा अर्धा इंच कॉलरखाली जातो. म्हणजे डोळ्याला दिसणारा बँड 450 च्या जवळपास हवा. शक्य असेल तर साहेबांचाच बँड मागवून पट्टीने मोजा, कारण प्रत्येक दुकानाचं माप थोडं वेगळं असतं.

मग वळण बघा. अंग वळलेलं असताना बँड फोटोच्या मध्यावर ठेवायचा नसतो. शर्टाच्या बटणांची पट्टी जिकडे चाललीये ती त्याची मधली रेघ. कॅमेऱ्याकडची जीभ थोडी रुंद दिसते, पलीकडची अरुंद. Edit > Transform > Warp घेऊन पलीकडची जीभ रुंदीत आठ-दहा टक्के दाबा, जास्त नको. दोन्ही जिभा वर एकमेकींना टेकलेल्या आणि खाली फाकलेल्या असतात. पीएनजीत त्या समांतर असतील तर दोन वेगळे लेअर करून वरच्या टोकावर फिरवून घ्या.

बीड_भैय्या
मापाचं पटलं. पण सावली तर द्यावीच लागंल ना? त्याशिवाय पांढऱ्यावर पांढरं दिसणार कसं?

मोंढा_लेअर (लातूर)
सावली लागतेच भैय्या, तिथं तुमचं बरोबर आहे. पण Drop Shadow जशीच्या तशी चालत नाही, त्याची दोन कारणं आहेत. ती सगळीकडे सारख्याच अंतरावर पडते. खरा बँड वर शर्टाला घट्ट टेकलेला असतो आणि खाली येताना सुटतो, म्हणून त्याची सावली वर बारीक आणि गडद, खाली रुंद आणि फिकी असते. दुसरं म्हणजे Distance 8 आणि Opacity 60 एवढी सावली दिली की बँड शर्टापासून सुटून लांब गेल्यासारखा वाटतो.

तुमच्याच पद्धतीने सुरू करा. Distance 3, Size 5, Opacity 35, Angle उजेडाप्रमाणे. परभणीकरांच्या फोटोत उजेड डावीकडून आहे, म्हणजे सावली प्रत्येक जिभेच्या उजव्या काठाला पडेल. Use Global Light ची खूण काढा, नाहीतर एका लेअरचा कोन बदलला की सगळ्यांचा बदलतो. मग Layer > Layer Style > Create Layer. सावली वेगळ्या लेअरवर आली की तिला मास्क लावा, उजेडाकडची बाजू जवळजवळ पुसा, वरची तशीच राहू द्या. खालच्या टोकाजवळची सावली सिलेक्ट करून तिथं Gaussian Blur 4 ते 6 द्या. सावलीचा रंग शुद्ध काळा ठेवू नका. शर्टाच्याच सुरकुतीतला राखाडी रंग उचला आणि लेअर Multiply वर ठेवा.

गाऊनच्या बाबतीत मात्र तुमचा सल्ला उलटा पडतो. पांढऱ्या शर्टाचा आकडा 230 असेल तर त्यावर 30 टक्के सावली टाकली की तो 160 च्या आसपास येतो, हा फरक डोळ्याला लगेच दिसतो. काळ्या कोटाचा आकडा मुळात 20. त्यावर तीच 30 टक्के सावली टाकली तर होतो 14. वीस आणि चौदा यांतला फरक मोबाईलवर कुणालाच दिसत नाही, प्रिंटमध्ये तर नाहीच. म्हणून काळ्यावर काळं सुटं करायचं तर वरचं काळं उजळावं लागतं. पांढऱ्यावर पांढरं सावलीने सुटतं, काळ्यावर काळं उजेडाने.

परभणी_डिजिटल
म्हणजे गाऊन राखाडी करायचा? साहेब म्हणतील गाऊन जुना, धुतलेला दिसायलाय.

मोंढा_लेअर (लातूर)
सगळा नाही. कोट जाडसर कापडाचा असतो, तो उजेड पितो. गाऊनचं कापड पातळ आणि थोडं चकाकतं, त्याच्या घड्यांच्या माथ्यावर उजेडाची रेघ येते. तुमच्या पीएनजीत ती रेघ आहे का ते आधी बघा. Info पॅनल उघडा आणि गाऊनवर कर्सर फिरवा. सगळीकडे 5 ते 10 येत असेल तर ती पीएनजी टाकून द्या, तिच्यातल्या घड्या मेलेल्या आहेत. Curves ने ओढल्या तरी नुसता दाणा वर येतो.

घड्या जिवंत असतील तर गाऊनला क्लिप केलेला Curves लावा. त्यात 20 चा बिंदू 30 वर न्या, आणि वरचा भाग असा सांभाळा की घडीचा माथा 60-65 च्या पुढे जाणार नाही. खोल घडी 12-15 वरच राहू द्या, तिच्यामुळेच गाऊन काळा वाटतो. कोट 18 ते 25 मध्ये राहील. मग गाऊनचा पुढचा उभा काठ, जिथं शिलाई दुमडलेली असते, तिथं Dodge Tool, Range मध्ये Midtones, Exposure 8-10 टक्के, ब्रश 4-5 पिक्सेल, आणि फक्त उजेडाकडच्या काठावर दोन हात फिरवा. ही बारीक रेघच गाऊनला कोटापासून वेगळं करते. पलीकडच्या काठावर ती ओढायची नाही. दोन्ही काठ चमकले की गाऊनला पायपिंग लावल्यासारखं दिसतं.

गाऊन पुढून बंद करू नका. तो बटणाचा नसतो, उघडाच असतो, आणि कोटाच्या लेपलचा आतला भाग दिसत राहतो. कित्येक तयार पीएनजींत दोन्ही काठ छातीवर जवळजवळ भिडवलेले असतात. लेपल पार झाकला की मग गाऊन आणि कोट मिसळायला मोकळे.

अॅड_खंडपीठ (छत्रपती संभाजीनगर)
फोटोशॉप कळत नाही, पण पोशाखाचं सांगू शकतो. इथं येणारे फोटो बघून काही गोष्टी खटकतात.

गाऊन आरशासारखा उलटा करू नका. साध्या वकिलाच्या गाऊनला डाव्या खांद्यामागे कापडाचा छोटा तुकडा शिवलेला असतो आणि तिथून बारीक पट्टी पुढे येते. उजेड जुळवायला म्हणून तुम्ही लोक पीएनजी उलटवता आणि ती पट्टी उजव्या खांद्यावर जाते. वकिलाच्या नजरेला ते पहिल्या क्षणी दिसतं.

सिनियर अॅडव्होकेट हा दर्जा सर्वोच्च न्यायालय किंवा उच्च न्यायालय देतं आणि त्यांच्या गाऊनची घडण वेगळी असते. इंटरनेटवर चांगला दिसला म्हणून तो कुणालाही घालू नका.

बँड आणि टाय एकत्र नको. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत काळ्या टायची सोय आहे, पण ती बँडच्या ऐवजी, आणि तीही जिल्हा, सत्र, शहर दिवाणी न्यायालयं आणि त्यांच्यावरची न्यायालयं सोडून इतर ठिकाणी. फोटोत टाय असेल तर आधी ती काढा.

बीड_भैय्या
वकीलसाहेब, प्रोफाइलला गाऊन घालून फोटो चालतो का पण? एक पक्षकार म्हणला, तुम्ही लोक जाहिरात करू शकत नाही.

अॅड_खंडपीठ (छत्रपती संभाजीनगर)
दोन नियम लक्षात घ्यावे लागतात. नियम 36 प्रमाणे वकिलाला जाहिरात करून काम मागता येत नाही, आणि आपण चालवत असलेल्या खटल्याच्या संदर्भात स्वतःचा फोटो छापून आणता येत नाही. दुसरा नियम असा की बँड आणि गाऊन कोर्टाबाहेर सार्वजनिक ठिकाणी घालायचे नाहीत, ठरवून दिलेले समारंभ सोडून. आता प्रोफाइलमधला फोटो म्हणजे सार्वजनिक ठिकाणी घालणं होतं का, यावर बारमध्येच दोन मतं आहेत. माझं मत, नुसता फोटो ठेवण्यात गैर नाही, पण खाली फोन नंबर आणि ‘जामिनासाठी संपर्क’ असं लिहून बॅनर केलं तर ते उघडउघड नियमाच्या विरुद्ध. आमचे काही सहकारी प्रोफाइलला नुसता कोट आणि बँड ठेवतात, गाऊन ठेवत नाहीत.

मोंढा_लेअर (लातूर)
साहेब, उलट्या गाऊनचं बरं सांगितलंत. परभणीकर, उजेड जुळत नसेल तर पीएनजी उलटवण्यापेक्षा उजेड रंगवा. गाऊनवर नवा लेअर, Soft Light, त्यात 50% gray भरा आणि क्लिप करा. ज्या बाजूला उजेड हवा तिथं मऊ पांढरा ब्रश 10 टक्के, दुसऱ्या बाजूला काळा. घड्यांची दिशा बदलत नाही, पण नजरेला पटतं. फार चुकीच्या बाजूचा उजेड असेल तर तेही पुरत नाही, मग दुसरा गाऊन शोधायचा.

नांदेड_कुंदा
माझ्याकडच्या फोटोत वकीलताई आहेत. पांढरा कुर्ता, गळा गोल, कॉलर नाहीच, वर काळा कोट. केस एका बाजूने पुढे खांद्यावर. वरचं सगळं वाचलं, पण कॉलर नसेल तर बँडची पट्टी लपवायची कशाखाली?

अॅड_खंडपीठ (छत्रपती संभाजीनगर)
महिला वकिलांच्या पोशाखात कॉलर नसलेला पांढरा ब्लाउजही नियमाने चालतो. पण बहुतेक जणी कॉलर जोडलेला तयार बँड घालतात, तो मानेभोवती मागून बांधायचा असतो. त्याची पीएनजी शोधा. गोल गळ्यावर नुसत्या दोन जिभा ठेवू नका.

मोंढा_लेअर (लातूर)
कुंदाताई, मग तुमची क्रमवारी थोडी बदलते. कॉलरसकट बँडचे दोन तुकडे करा. मानेमागून जाणारा भाग व्यक्तीच्या लेअरखाली, पुढचा भाग वर. कॉलर मानेला जिथं टेकते तिथं कातडीवर 2 पिक्सेलची तपकिरी-राखाडी सावली द्या, काळी नको. काळी दिली की मान कापल्यासारखी दिसते.

केसांना दुसरा लेअर लागेल. गाऊन खांद्यावर आला की पुढचे केस गाऊनच्या वर यायला हवेत, नाहीतर केस गाऊनमध्ये गडप झाल्यासारखे दिसतात. व्यक्तीच्या लेअरवरून केसांचा भाग Select and Mask ने घ्या, Refine Edge ब्रश फक्त टोकांवर चालवा, Ctrl+J, आणि तो लेअर सगळ्यांच्या वर. काळे केस काळ्या गाऊनवर असल्यामुळे कड फार नाजूक काढायची गरज नाही. खरी अडचण पांढऱ्या बँडवर येणाऱ्या दोन-चार बटांची. त्यांच्याभोवती जुन्या पार्श्वभूमीचा रंग चिकटलेला असतो. तो काढत बसण्यापेक्षा बँडवरच्या बटा मास्कमध्ये पुसून टाका आणि 1 पिक्सेल ब्रशने दोन नव्या ओढा, रंग केसांतूनच उचलून.

नांदेड_कुंदा
मंगळसूत्र कॉलरच्या आत घ्यायचं की वर?

मोंढा_लेअर (लातूर)
मूळ फोटोत जसं आहे तसं. साखळी कॉलरखाली शिरताना दिसली की झालं, खालची वाटी बँडच्या मागे झाकली जाते. बँडच्या वर वाटी आणू नका. ताईंना मात्र एकदा विचारून घ्या, कुणाला ते वर दिसायला हवं असतं.

परभणी_डिजिटल
बदल केले. बँड 450 केला, कॉलर वर घेतली, गाऊनचे दोन भाग केले. बराच फरक पडला. गाऊन सुटा दिसायलाय. पण बँड अजूनही थोडा चिकटवलेलाच वाटतो. कॉलरजवळचा भाग जास्त उजळ दिसायलाय. आणि कडेला काळी रेघ आहे.

मोंढा_लेअर (लातूर)
काळी रेघ म्हणजे पीएनजी काळ्या पार्श्वभूमीवरून कापलेली आहे. Layer > Matting > Defringe, 1 पिक्सेल. आधी Layer > Matting > Remove Black Matte करून बघा, बऱ्याचदा तेवढ्यानेच जाते. Matting चालत नसेल तर बँडच्या लेअरला मास्क लावलेला असेल. मास्क Apply करून मग करा, पण आधी लेअरची कॉपी ठेवा.

कॉलरजवळ उजळ वाटतं कारण हनुवटीची सावली बँडवर पडलेली नाही. शर्टाच्या कॉलरवर ती मूळ फोटोत आहेच, नीट बघा, कॉलरच्या वरच्या भागात आकडा 190 च्या खाली असेल आणि छातीवर 230. पण तुमचा बँड वरपासून खालपर्यंत एकच 245. बँडला क्लिप केलेला नवा लेअर घ्या, Multiply, कॉलरच्या सावलीतून रंग उचला, मोठा मऊ ब्रश, Opacity 30, आणि बँडच्या वरच्या चौथ्या हिश्शावर एकदा फिरवा. कॉलर आणि बँड एकाच सावलीत आले पाहिजेत.

पांढऱ्याचा रंगही बघा. नीळ दिलेल्या शर्टात निळा 6-8 ने वर असतो, उदाहरणार्थ 226, 229, 236. बँड शुद्ध 240, 240, 240 असेल तर शेजारी पिवळट वाटतो आणि कारण लवकर सापडत नाही. बँडवर क्लिप केलेला Curves घेऊन Blue चॅनल थोडा वर ओढा. बँड शर्टापेक्षा दहाएक आकड्यांनी उजळ असला तर बरा, कारण तो कडक इस्त्रीचा असतो. पण 250 च्या वर जाऊ देऊ नका. 255 ला शिवण दिसत नाही, आणि बँडच्या कडेची शिवण हीच त्याची कापडाची ओळख असते. शिवण गेली की कागद.

बीड_भैय्या
255 चं मी सांगितलं होतं, ते रद्द समजा मग 😅

उदगीर_मोबाईल
माझ्याकडे कॉम्प्युटर नाही, मोबाईलच्या अॅपवरच करतो. Multiply वगैरे आहे, पण पेन टूल नाही. कॉलरचं कसं करायचं?

मोंढा_लेअर (लातूर)
त्याच फोटोची दुसरी प्रत वरच्या लेअरमध्ये बरोबर तिथंच बसवा आणि तिच्यातून कॉलरची पानं सोडून बाकी सगळं खोडा. झूम 300 टक्के करून, कडक खोडरबर. बँड या दोन प्रतींच्या मध्ये राहील. प्रत एक पिक्सेलही हलली तर कॉलर दुहेरी दिसेल, म्हणून ती हाताने ओढू नका, आकार आणि जागा न बदलता लेअर डुप्लिकेट करा.

धाराशिव_प्रिंट
लॅबच्या बाजूने सांगतो. स्क्रीनवर गाऊनच्या घड्या 30 वर दिसल्या म्हणून खूश होऊ नका. आमच्याकडे 15 च्या खालचं सगळं एकच काळं छापलं जातं, आणि मॅट कागदावर त्याच्याही वरचं. फ्रेमसाठी मोठी प्रिंट काढणार असाल तर वेगळी प्रत करा, गाऊनचा Curves अजून 6-8 ने वर. प्रोफाइलची तीच फाईल छापायला देऊ नका. sRGB मध्ये द्या. सीएमवायके करून आणू नका, आमचं मशीन ते परत आरजीबीच करतं आणि काळा तपकिरी होतो.

मोंढा_लेअर (लातूर)
एकदम बरोबर. आणि देण्याआधी दाण्याचं बघा. स्टुडिओच्या फोटोत थोडा दाणा असतो, पीएनजी मात्र गुळगुळीत. गाऊनवर Filter > Noise > Add Noise, 1 टक्का, Gaussian, Monochromatic. बँडवर नको. पीएनजी 100 टक्क्यांपेक्षा जास्त मोठी केलेली असेल तर दाण्यानेही झाकलं जात नाही, चेहरा धारदार आणि गाऊन धुरकट दिसतो.

हे काम वारंवार येत असेल तर पीएनजीच्या मागे लागू नका. एक साधा गाऊन आणून एखाद्या माणसाला कोटावर घालायला द्या, करड्या पडद्यासमोर तीन फोटो काढा: समोरून, थोडं डावीकडे वळून, थोडं उजवीकडे वळून. नेहमीच्या एक्स्पोजरपेक्षा एक स्टॉप जास्त ठेवा म्हणजे काळ्या घड्यांत तपशील राहतो. तुमचाच उजेड, तुमचीच लेन्स, मग जुळवायला फार काही उरत नाही. पट्टी आपोआप डाव्या खांद्यावर येते, हा वेगळा फायदा.

परभणी_डिजिटल
हे बेस. शेवटचं एक. बँडची खालची टोकं कोटाच्या बटणाजवळ येतात. ती कोटाच्या वर ठेवायची की लेपलच्या आत?

मोंढा_लेअर (लातूर)
वर. बँड सगळ्यात पुढे लोंबतो.

अॅड_खंडपीठ (छत्रपती संभाजीनगर)
माझं मत थोडं वेगळं आहे. उघड्या कोटात बँड शर्टावर, दोन लेपलच्या मधल्या जागेत राहतो, आणि चालता-बोलता त्याची कड लेपलच्या आत सरकतेही. बंद गळ्याच्या कोटावर किंवा शेरवानीवर मात्र तो कोटाच्या वरच असतो, तिथं दुसरा मार्गच नाही. उघड्या कोटात सगळा बँड लेपलवर पसरलेला दिसला तर मला तो खोटा वाटतो.

मोंढा_लेअर (लातूर)
साहेब, फोटोत पांढरी जीभ काळ्या लेपलखाली अर्धी गेली की बँड वाकडा बसलाय असंच बघणाऱ्याला वाटतं. म्हणून मी टोकं वर ठेवतो.

अॅड_खंडपीठ (छत्रपती संभाजीनगर)
दिसायला तुमचं बरोबर असेल. कोर्टात रोज दिसतं ते मी सांगितलं.

परभणी_डिजिटल
दोन्ही प्रती करून साहेबांनाच विचारतो. प्रोफाइलचा गोल कट मारला तर बँडची टोकं कापली जायलीत, त्याचं काय?

धाराशिव_प्रिंट
गोलात टोकं धरायची तर चेहरा लहान करावा लागतो. चौकोनी 800×800 घ्या, हनुवटी ते टाळू 300 च्या आसपास ठेवा, आणि टाळूच्या वर 80-90 जागा सोडा. बँडची टोकं वरून सहाशेच्या आत येतात, तिथं मध्यावर गोल भरपूर रुंद असतो. गाऊनचे खांदे मात्र कडेला कापले जाणारच, ते सोडून द्या.